उपाशीपोटी 97, जेवणानंतर 204: कोणता आकडा धरायचा?

वाचकाचे पत्र

माझे यजमान 54 वर्षांचे आहेत आणि धाकटे दीर 46 वर्षांचे. गेल्या महिन्यात दोघांनी बेळगावला एकाच लॅबमध्ये, एकाच दिवशी साखर तपासून घेतली. यजमानांची उपाशीपोटी 97 आणि खाल्ल्यानंतर 204 आली. दिरांची उपाशीपोटी 121 आणि खाल्ल्यानंतर 134. मधल्या वेळेत यजमानांनी हॉटेलात पुरी-भाजी, शिरा आणि चहा घेतला. दीर दोन इडल्या खाऊन बाजार करत हिंडले. यजमान म्हणतात, उपाशीपोटीचा आकडा खरा, म्हणून मला काही नाही. दीर म्हणतात, जेवणानंतरचा खरा, म्हणून मला काही नाही. सासूबाईंना मधुमेह होता. नेमके कोणाचे बरोबर?

— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर

नमस्कार ताई,

चारही आकडे खरे आहेत, आणि तरीही दोघांचा निष्कर्ष चुकीचा आहे. त्या एका कागदावरून दोघांपैकी कोणालाही मधुमेह आहे असे ठरवता येत नाही, पण कोणालाही ‘काही नाही’ असेही म्हणता येत नाही. दोघेही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे समोर ठेवून त्यातले सोयीचे निवडत आहेत. प्रत्यक्षात तिथे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि मधुमेहाच्या अगदी सुरुवातीच्या काळात त्यांची उत्तरे अनेकदा जुळत नाहीत.

आपल्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून, कोणत्याही क्षणी, जेमतेम पाच ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. रात्री नऊला जेवून आपण झोपतो आणि सकाळी सातपर्यंत पोटात काही जात नाही, पण मेंदू रात्रभर साखर जाळतच असतो. ती पुरवण्याचे काम यकृत करते. सुमारे 65 किलो वजनाच्या माणसाचे यकृत तासाला सात-आठ ग्रॅम साखर रक्तात सोडते. त्याने गरजेपेक्षा जास्त सोडू नये म्हणून स्वादुपिंडातून इन्शुलिनची एक बारीक धार रात्रभर चालू असते. उसाला पाणी देताना बांधावर बसून दारे धरणारा माणूस जसा पाण्याचा ओघ सांभाळतो, तसे हे इन्शुलिन यकृताच्या दारावर बसलेले असते. सकाळचा उपाशीपोटीचा आकडा फक्त एवढेच सांगतो की रात्री ते दार नीट धरले गेले की नाही. काल दिवसभर काय झाले, याबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

जेवणानंतरची परीक्षा वेगळी आहे. मध्यम आकाराच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून साधारण सत्तर ग्रॅम पिठूळ अंश पोटात जातो, आणि तो एक-दोन तासांत साखर होऊन अशा रक्तात उतरू लागतो ज्यात एरवी पाच ग्रॅमच साखर असते. निरोगी शरीरात स्वादुपिंड यासाठी आधीच तयार केलेले इन्शुलिन साठवून ठेवते आणि साखर वाढू लागताच पहिल्या दहा मिनिटांत ते एकदम सोडते. या पहिल्या झोताचे मुख्य काम यकृताला गप्प करण्याचे असते, कारण आता बाहेरून माल येतो आहे, तू तुझा माल थांबव. त्यानंतर इन्शुलिनचा दुसरा, संथ आणि लांबलेला प्रवाह येतो, आणि तो मुख्यतः स्नायूंकडून साखर उचलून घेतो.

मधुमेहाच्या वाटेवर सर्वांत आधी ज्या गोष्टी बिघडतात त्यांत हा पहिला झोत येतो. तो उशिरा येतो, अर्धा येतो किंवा येतच नाही. मग जेवणाची साखर रक्तात उतरत असताना यकृतही आपली साखर सोडत राहते. स्नायूही ऐकेनासे झालेले असतील तर ती उचलायलाही वेळ लागतो. दोन तासांनी आकडा 180, 200 असा दिसतो. इन्शुलिन मात्र अजून संपलेले नसते. ते उशिरा का होईना येते, तिसऱ्या-चौथ्या तासाला साखर खाली आणते, आणि रात्रीच्या आठ-दहा तासांच्या मोकळ्या वेळात सगळे पूर्ववत होऊन सकाळी 97 दिसते. आपल्या यजमानांच्या शरीरात असेच काही घडत असावे, असा माझा तर्क आहे. त्यांचे रात्रीचे दार अजून नीट धरलेले आहे, पण जेवणाचा लोंढा आवरत नाही.

‘असावे’ म्हणतो, कारण 204 या आकड्यात हॉटेलचाही वाटा आहे. चार पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिरा आणि गोड चहा यांचा हिशेब केला तर पिठूळ आणि गोड मिळून शंभर ग्रॅमच्या पुढे जाते. दोन इडल्या आणि वाटीभर सांबार म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम. दोघांनी एकाच लॅबमध्ये रक्त दिले हे खरे, पण त्यांनी दिलेली परीक्षा एक नव्हती. शिवाय दिरांनी ते दोन तास बाजारात चालण्यात घालवले, आणि चालणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतो. म्हणून त्यांचा 134 हा आकडा ‘दोन इडल्या आणि दोन तास पायपीट त्यांना पेलते’ एवढेच सांगतो. तेवढ्यावर निश्चिंत होण्यासारखे त्यात काही नाही.

आता दिरांकडे वळतो. त्यांचा 121 हा आकडा मला यजमानांच्या 97 पेक्षा अधिक बोलका वाटतो, कारण त्यात हॉटेलची भेसळ नाही. उपाशीपोटी 100 च्या आत साखर असणे निरोगी मानले जाते, 126 पासून पुढे मधुमेहाची पातळी सुरू होते आणि 100 ते 125 हा मधला पट्टा आहे. जागतिक आरोग्य संघटना हा पट्टा 110 पासून धरते, पण 121 दोन्ही मोजमापांत त्यातच बसतो. इथे बिघाड प्रामुख्याने यकृताकडे असतो. इन्शुलिन दारावर बसलेले असते, पण यकृत त्याचे पुरते ऐकत नाही आणि रात्रभर थोडी जास्तच साखर सोडत राहते. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागते तेव्हा कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात आणि यकृताला आणखी चेतवतात, म्हणून झोपताना बरी असलेली साखर सकाळी वर गेलेली दिसते. अशा माणसाचे स्नायू पुष्कळदा चांगले काम करत असतात, त्यामुळे बेताच्या जेवणानंतरचा आकडा फारसा चढत नाही. पोटाचा घेर वाढलेला आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघालेली, असे रुग्ण या गटात मी सतत पाहतो. दिरांची सोनोग्राफी कधी झाली असेल तर तो कागद जरूर काढून पाहा.

एक गोष्ट मात्र त्यांना आधी विचारायला हवी. आदल्या रात्री ते किती वाजता जेवले होते? उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही नाही. दुकान बंद करून अकरा-साडेअकराला जेवण आणि सकाळी सहाला दूध-साखरेचा कपभर चहा घेऊन बेळगावची गाडी पकडली असेल, तर तो 121 उपाशीपोटीचा नाहीच. आमच्या रुग्णांना चहा हे खाणे वाटत नाही, आणि विचारल्याशिवाय कोणी तो सांगतही नाही.

काहींच्या कागदावर याहून गोंधळात टाकणारे चित्र येते. उपाशीपोटी 118 आणि जेवणानंतर 105. लॅबची चूक झाली असे समजून लोक पुन्हा पैसे भरतात. बहुतेक वेळा चूक नसते. खाणे थोडे, चालणे बरेच, आणि उशिरा पण जास्त आलेले इन्शुलिन, अशा तिन्हींनी मिळून दुसरा आकडा पहिल्याच्या खाली नेलेला असतो.

यजमानांना त्यांचा 97 फार आश्वासक वाटत असेल, तर माझ्याकडे आलेल्या निपाणीकडच्या एका रुग्णाचे उदाहरण सांगतो. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणारे 49 वर्षांचे गृहस्थ, अंगाने सडपातळ. वडिलांना मधुमेह असल्यामुळे ते दरवर्षी न चुकता साखर तपासत, पण फक्त उपाशीपोटी, कारण कामावर जाण्याआधी तेवढेच उरकता येई. चार वर्षे आकडा 94 ते 102 च्या दरम्यान राहिला. पायाची एक जखम भरायला वेळ लागला म्हणून ते माझ्याकडे आले. मी त्यांना ग्लुकोज पाजून तपासणी करायला सांगितली. उपाशीपोटी 101, एका तासाने 236, दोन तासांनी 211. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 6.4 आली, म्हणजे 6.5 या मधुमेहाच्या रेषेच्या जेमतेम खाली. दोन आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा केली, तेव्हा दोन तासांचा आकडा 206 आला. त्रास नसलेल्या माणसात एकाच आकड्यावर निदान करायचे नसते, पण इथे दोन वेळा 200 ओलांडले होते, त्यामुळे हा मधुमेहच होता. सकाळचा आकडा त्या दिवसापर्यंत मधुमेहाच्या जवळपासही गेलेला नव्हता. चार वर्षे त्यांनी तपासणी टाळली नव्हती, फक्त रात्रीचाच प्रश्न विचारला होता.

आपल्या दोघांसाठीही हीच तपासणी सुचवतो, कारण यात दोघांची परीक्षा एक होते. पद्धत सोपी आहे, पण ती सैल झाली तर आकडा पुन्हा निरर्थक ठरतो. आधीचे तीन दिवस नेहमीचे जेवण घ्यावे, भात-भाकरी कमी करू नये आणि एकादशी किंवा दुसऱ्या कोणत्या उपवासाच्या लगेच नंतरचा दिवस घेऊ नये. तपासणीच्या भीतीने लोक आठवडाभर जेवण तोडतात, आणि मग बऱ्या माणसाचेही इन्शुलिन मंद उठते. रात्रीच्या आठ ते चौदा तासांच्या उपवासानंतर शिरेतून पहिले रक्त द्यावे. मग 75 ग्रॅम ग्लुकोज 250 ते 300 मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यावे. बाजारात मिळणारी ग्लुकोजची पूड पाण्याचा अंश धरणारी असेल तर तिचे वजन 82.5 ग्रॅम घ्यावे लागते, हे लॅबला माहीत असते. दोन तास बसून राहावे. चालणे, विडी आणि तंबाखूची चिमूटही नको. पहिल्या घोटापासून दोन तासांनी दुसरे रक्त.

‘पहिल्या घोटापासून’ यावर भर देण्याला कारण आहे. आपल्याकडे लॅबमध्ये मराठीत ‘जेवण झाल्यावर दोन तासांनी या’ असे सांगतात आणि कन्नडमध्ये ‘ऊट आद मेले एरडु गंटे’. दोन्हींचा अर्थ शेवटच्या घासापासून असा होतो. जेवण पंगतीतले असेल आणि पाऊण तास चालले, तर रक्त पावणेतीन तासांनी निघते, तोवर साखर उतरलेली असते आणि कागदावर खोटे समाधान छापून येते. वेळ पहिल्या घासापासून मोजायची असते.

निकाल असा वाचावा. ग्लुकोजनंतर दोन तासांनी 140 च्या आत असेल तर जेवणाची बाजू ठीक आहे. 140 ते 199 हा मधला पट्टा, आणि 200 पासून पुढे मधुमेहाची पातळी. यजमानांचा आकडा 200 किंवा त्याहून वर आला आणि त्याच वेळी एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त असेल, तर निदान तिथेच पक्के होते. एकच वर असेल तर तीच तपासणी काही दिवसांनी पुन्हा करावी. आकडा 160-170 आला, तर 204 मधला काही भाग शिऱ्याचा होता असे समजावे, पण पहिला झोत कमकुवत झाल्याचे तेही लक्षणच आहे. दिरांचा दोन तासांचा आकडा 140 च्या आत राहिला, तर त्यांचे दुखणे सध्या रात्रीपुरते आहे. तो 170-180 वर गेला, तर दोन्ही बाजू ढिल्या होत आहेत, आणि अशा माणसाची मधुमेहाकडे जाण्याची शक्यता एकाच बाजूचा बिघाड असलेल्यापेक्षा जास्त असते. एचबीएवनसीबद्दल एक सावधगिरी सांगतो. लोहाच्या कमतरतेचा अशक्तपणा असेल तर ती खोटी वर दिसू शकते, आणि नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्तदान केले असेल तर खाली. म्हणून तिच्यासोबत हिमोग्लोबिन पाहिलेले बरे.

या मधल्या पट्ट्याला सगळे ‘शुगर बॉर्डरवर आहे’ म्हणतात. आपल्या सीमाभागात त्या शब्दावर आधीच पुरेसे ओझे आहे, आणि इथे तो दिशाभूलही करतो, कारण ऐकणाऱ्याला वाटते की रेषेच्या अलीकडे सगळे सुरक्षित आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात ग्लुकोजनंतरच्या मधल्या पट्ट्यातलीच माणसे घेतली होती. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. चालणे आणि आहार यांत नेटाने बदल केलेल्या गटात हा धोका सुमारे 28 टक्क्यांनी कमी झाला.

बिघाड कुठे आहे हे कळले की दोघांचा दिनक्रम एकसारखा बदलण्याचे कारण उरत नाही. यजमानांनी एका वेळी पोटात जाणाऱ्या पिठाकडे लक्ष द्यावे. दोन भाकऱ्या आणि वर भात, याऐवजी दीड भाकरी किंवा भाकरी आणि भात यांपैकी एकच. आधी पालेभाजी, उसळ, ताक आणि मग भाकरी. जेवून उठल्यावर पंधरा मिनिटे चालणे. ज्वारीची भाकरी असली की साखर वाढत नाही, हा आपल्याकडचा समज मात्र सोडावा. ती पोळीपेक्षा सावकाश पचत असेल, पण तीन भाकऱ्या शेवटी तीन भाकऱ्याच असतात. दिरांना जेवणानंतरच्या फेरीचा फायदा कमी आणि रात्रीचे जेवण आठपर्यंत उरकून ते हलके ठेवण्याचा फायदा जास्त होईल. पोटाचा घेर कमी झाला की यकृतावरची चरबी उतरते, आणि पुष्कळ रुग्णांत सकाळचा आकडा त्यामागोमाग खाली येतो. गोळी द्यायची की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर ठरवावे.

घरी ग्लुकोमीटर घेण्याचा विचार असेल तर त्याचा उपयोग निदानासाठी करू नका. उपाशीपोटी बोटाचे आणि शिरेचे रक्त जवळजवळ सारखेच आकडे देते. जेवणानंतर मात्र बोटातले रक्त वीस-तीस अंकांनी जास्त दाखवू शकते, कारण स्नायूंनी त्यातली साखर अजून उचललेली नसते. शिवाय 100 च्या वरच्या आकड्यांत 15 टक्क्यांपर्यंतचा फरक मानकांनाही मान्य आहे, त्यामुळे 190 आणि 204 यांत भांडण्यासारखे काही नसते. यजमानांसाठी त्याचा चांगला उपयोग असा: एकच जेवण निवडावे, पहिल्या घासाआधी एकदा आणि त्यानंतर दोन तासांनी एकदा मोजावे, आणि दुसऱ्या आठवड्यात तेच जेवण अर्धी भाकरी कमी करून आणि चालून पुन्हा मोजावे. दोन आकड्यांमधला फरक वहीत लिहावा. तो 90 वरून 50 वर आला, तर कोणता बदल लागू पडला हे त्यांना स्वतःलाच दिसेल. दिरांनी मात्र सकाळी उठल्याबरोबर, आठवड्यातून दोनदा, आणि शेजारी आदल्या रात्रीच्या जेवणाची वेळ लिहून मोजावे.

दोघांपैकी कोणाला खूप तहान लागत असेल, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर ग्लुकोजच्या तपासणीची वाट पाहू नका. अशा वेळी शिरेच्या रक्तातला कोणत्याही वेळचा 200 किंवा त्यावरचा एक आकडा निदानाला पुरतो, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटायला हवे.